बापाकडून आलेला ठसा

मुकुटबन आणि झरी जामणीच्या कापूसपट्ट्यात पिठ्या ढेकणाची ओळख करून द्यावी लागत नाही. शेंड्यावर, पात्यांच्या देठाशी पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, त्याखाली चिकटा आणि मागाहून येणारे मुंगळे, एवढ्यावरून तो ओळखू येतो. फेनाकोकस सोलेनोप्सिस ही त्याची परदेशी जात २००५ नंतर देशभरच्या कपाशीवर पसरली आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांत तिची पाहणी केली. झाडावर दिसते ती बहुधा मादी, बिनपंखी आणि मेणाने माखलेली. नर चिलटाएवढा आणि पंखवाला असतो. त्याला खाण्यापुरतं तोंडही नसतं, थोडे दिवस उडून तो मरतो. शेतकऱ्याच्या लेखी त्याला काही किंमत नाही. पण आनुवंशशास्त्रात ‘जनुकीय ठसा’ म्हणून जी कल्पना आहे, तिच्या कुळात हा क्षुल्लक नर मूळपुरुषांपैकी एक आहे. ठशाचा विषय आज माणसाच्या आजारांपासून सांगायला सुरुवात होते. त्याने एक गोष्ट झाकली जाते असं मला वाटतं: ठसा वारशाने येत नाही, तो दर पिढीला पुसून नव्याने मारला जातो. हे पिठ्या ढेकणात जितकं उघडं दिसतं तितकं माणसात दिसत नाही.

या कुळातल्या नराच्या पेशीत अर्धी गुणसूत्रं गोळा होऊन घट्ट आवळलेली दिसतात, हे फ्रान्झ श्रेडर यांनी १९२१ मध्ये नोंदवलं. संत्रावर्गीय झाडांवरच्या प्लॅनोकोकस सिट्री या जातीत दहा गुणसूत्रं असतात. नरात त्यांतली पाच मोकळी आणि पाच आवळलेली. आवळलेला संच आईचा की बापाचा, हे नुसतं पाहून कळत नाही. स्पेन्सर ब्राउन आणि वॉल्टर नेल्सन-रीझ यांनी १९६१ मध्ये क्ष-किरणांनी तो निवाडा केला. मोठ्या मात्रेचे किरण देऊन बापाची गुणसूत्रं मोडली, की त्याच्या मुली मरत, मुलगे मात्र जगत. आईला किरण दिले तर मुलगे-मुली दोघांनाही फटका बसे. म्हणजे मुलाच्या शरीरात बापाचा संच कामावरच नसतो, म्हणून तो मोडला तरी अडत नाही. (आतड्यासारख्या काही अवयवांत तो पुन्हा सैल होतो, एवढा अपवाद पुढे सापडला.) ‘ठसा’ हा शब्द मात्र आदल्याच वर्षी, १९६० मध्ये, हेलन क्राउस यांनी स्कियारा या बुरशीवर वाढणाऱ्या माशीसाठी वापरला होता. गुणसूत्राचं वागणं त्यावरच्या जनुकांवरून ठरत नाही, ते आईतून आलं की बापातून यावरून ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता पिठ्या ढेकणाचा एकच संच धरून तीन पिढ्या चालू. आजीकडून मुलाला मिळालेला संच मुलात जागा असतो. मुलाच्या शुक्रपेशी तयार होताना त्याच्या बापाचा आवळलेला संच टाकून दिला जातो, आजीचाच पुढे जातो. तो नातवात पोचला की ‘बापाकडून आलेला’ ठरतो आणि गर्भाची काही विभाजनं होताच आवळला जातो. नातीत पोचला तर मोकळाच राहतो, आणि तिने तोच आपल्या मुलाला दिला तर ‘आईकडून आलेला’ म्हणून पुन्हा जागा. डीएनएचं एक अक्षर बदललं नाही, खूण मात्र दर पायरीला बदलली. मराठी नावात हेच घडतं. आडनाव पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. मधलं नाव बापाचं असतं, आणि मुलाचा मुलगा झाला की आजोबांचं नाव तिथून जाऊन नवं येतं. उपमा इथवरच धरायची, कारण जनुकीय ठशाला बाप कोण याच्याशी कर्तव्य नसतं, तो बाप होता की आई एवढंच तो सांगतो.

सस्तन प्राण्यांत ही खूण कशाने लिहिली जाते ते बऱ्यापैकी ठाऊक आहे: डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराला चिकटणारा मिथिल गट. माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावर आयजीएफ२ हे वाढीचं जनुक आणि त्याच्या शेजारी एच१९ आहे. दोघांमधल्या एका नियंत्रक तुकड्यावर बापाच्या प्रतीत मिथिल गट असतात, आईची प्रत कोरी असते. कोऱ्या तुकड्यावर सीटीसीएफ हे प्रथिन बसतं आणि आयजीएफ२ची वाट अडवतं. मिथिल असले की त्याला बसता येत नाही आणि जनुक चालू राहतं. एखाद्या बाईने हा तुकडा बापाकडून मिथिलसकट घेतलेला असतो. ती स्वतः गर्भात असतानाच तिच्या आद्य जननपेशींत ती खूण पुसली जाते, म्हणून पुढे तिच्या प्रत्येक बीजांडात तुकडा कोराच असतो, मग तो तिच्या आईचा असो वा बापाचा. पुरुषाच्या जननपेशींतही आधी दोन्ही प्रती कोऱ्या होतात आणि नंतर दोन्हींवर मिथिल चढतं. फलनानंतर गर्भातली बहुतेक मिथिल-खूण पुन्हा धुऊन निघते. त्या धुण्यातून ठशाच्या जागा झेडएफपी५७सारखी प्रथिनं राखतात. हे राखणं चुकलं तर रक्ताच्या तपासणीत दिसतं. एक प्रत मिथिलित आणि एक कोरी म्हणून मोजणी साधारण ५० टक्के यायला हवी. ती बरीच खाली आली तर मूल खुरटं राहणारा सिल्व्हर-रसेल विकार, बरीच वर गेली तर अतिवाढीचा बेकविथ-वीडमन विकार संभवतो.

मग मिथिल म्हणजेच ठसा, असं का म्हणू नये? इथे पिठ्या ढेकूण आडवा येतो, आणि त्यात आपल्याकडच्या कामाचा भाग आहे. देवबागकर, शरत्‌ चंद्र आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्लॅनोकोकसच्या एका जातीच्या डीएनएत मिथिल लागलेली अक्षरं मोजली आणि ती नेहमीपेक्षा वेगळी निघाली. या कीटकात मिथिल भरपूर आहे हे त्यातून ठरलं. पण १९९९ मध्ये इटलीतल्या गटाला प्लॅनोकोकस सिट्रीत बापाचा संच आईच्या संचापेक्षा कमी मिथिलित आढळला, आणि तोही मुलगे-मुली दोघांत. मुलीत हा कमी मिथिलित संच जागा असतो, मुलात निजलेला. खूण एकच, परिणाम दोन. म्हणून खूण, ती लिहिण्याची शाई आणि तिचा परिणाम या तीन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. सस्तन प्राण्यांत त्या इतक्या जुळून येतात की फरक दिसत नाही.

दुसरा आक्षेप हल्ली गर्भसंस्कारांच्या जाहिरातींतून येतो: परिस्थितीची खूण डीएनएवर उमटते, तर ती वंशातही उतरणार. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात गर्भधारणा झालेल्या माणसांत सहा दशकांनंतरही आयजीएफ२जवळचं मिथिल त्यांच्या भावंडांपेक्षा किंचित कमी आढळलं, हे खरं आहे. पण ते त्याच माणसांच्या रक्तात मोजलेलं, त्यांच्या मुलांच्या नव्हे. त्यांच्या जननपेशींतली ही जागा तर ते स्वतः आईच्या पोटात असतानाच पुसायला घेतली गेली होती.