लिंक्डइनवर नव्या नोकरीची पोस्ट कशी लिहाल?

नवी नोकरी लागली की लिंक्डइनवर सांगावंसं वाटतंच. पण ती पोस्ट जुने सहकारी, जुने बॉस आणि नव्या ऑफिसातले लोकही वाचतात. म्हणून आधी रुजू व्हा, मगच पोस्ट करा. प्रोफाइलमध्ये नोकरी भरताना Notify network बंद ठेवा, म्हणजे बातमी तुमच्याच शब्दांत पोहोचेल.

फीडमध्ये सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. त्यामुळे पद आणि कंपनीचं नाव पहिल्याच वाक्यात लिहा.

‘अखेर कदर करणारी कंपनी मिळाली!’ असं लिहिलंत, तर जुन्या कंपनीला टोमणा बसतो. ‘शेकडो जणांतून माझी निवड’ ही बढाई वाटते. त्याऐवजी असं लिहा:

‘सोमवारी मी (कंपनीचं नाव) इथे टेस्टर म्हणून रुजू झाले. आधीच्या टीम लीडनी बग रिपोर्ट नेमका कसा लिहायचा ते शिकवलं. ते इथे रोज कामी येईल. मनापासून आभार!’

नेमकी गोष्ट सांगितली की आभार खरे वाटतात. जुना अनुभव वाईट असेल, तर कंपनीचं खोटं कौतुक नको. मदत केलेल्या एखाद्या सहकाऱ्याचे आभार माना. त्यांना टॅग करण्याआधी मात्र विचारा.