मॅग्नीशिया

प्लेटोने आपल्या अखेरच्या, बारा खंडांच्या, ‘कायदे’ या संवादात क्रीट बेटावर वसविलेले कल्पित नगरराज्य. नॉसॉसहून झ्यूसच्या गुहेकडे पायी निघालेले तीन वृद्ध वाटेने बोलता बोलता त्याची घडण करतात. नगर समुद्रापासून ८० स्टेडिया आत असून जमिनीचे ५,०४० वाटे पाडलेले आहेत, आणि एकही वाटा मोडता कामा नये या दंडकाचा ठसा तेथील शिक्षांवरही उमटलेला दिसतो : नागरिकाचा गुन्हा कितीही मोठा असला तरी त्याची वडिलोपार्जित जमीन जप्त होत नाही, दंड वसूल होतो तो तिच्या मशागतीला लागणाऱ्या सरंजामाहून जे अधिक असेल त्यातूनच.

दिवाणी दाव्याचा निवाडा प्रथम वादी-प्रतिवादींनी मिळून निवडलेले पंच करतात. तो अमान्य झाल्यास गावकरी व जमातीचे लोक यांच्या न्यायसभेकडे दाद मागता येते. न्यायदानात ज्याला वाटा नाही त्याला नगरही आपले वाटत नाही, अशी त्यामागची धारणा. मात्र प्रत्येक पायरीवर जोखीम वाढते. शंभर द्राख्म्यांचा दावा पंचांपुढे हरलेला प्रतिवादी दुसऱ्या न्यायसभेतही हरला तर त्याला १२० द्यावे लागतात, आणि तिसऱ्या ठिकाणी हरल्यास १५०. उलट, फिर्यादी अपिलात हरला तर दुसरीकडे तो २० भरतो, तिसरीकडे ५०. हट्टापायी लांबविलेल्या तंट्याला आळा घालण्याची याहून साधी युक्ती मला ठाऊक नाही.

तिसरे न्यायालय निवडक न्यायाधीशांचे असते. वर्षअखेरीस सर्व अधिकारी मंदिरात जमून प्रत्येक अधिकारपदावरील एकेक उत्तम गृहस्थ निवडतात, आणि तो छाननीत उतरल्यावरच आसनावर बसतो. मत उघडपणे द्यावयाचे, तेही निवडून देणाऱ्यांच्या देखत. मृत्युदंडाच्या खटल्यास मात्र या पायऱ्या नाहीत. तेथे सदतीस विधिरक्षक आणि गतवर्षीच्या अधिकाऱ्यांतून निवडलेले न्यायाधीश एकत्र बसतात. वयाने सर्वांत वडील असलेला प्रथम प्रश्न विचारतो, मग बाकीचे क्रमाने. महत्त्वाचे बोलणे लिहून त्यावर सर्वांची मोहर होते व तो लेख हेस्तियाच्या वेदीवर ठेवला जातो. असे तीन दिवस चालल्यावरच मतदान होते.

अंतिम निवाडा फिरविणारे कोणी नाही. प्लेटो एके ठिकाणी असा निवाडा देणाऱ्यांना राजांप्रमाणे उत्तरदायित्वातून वगळतो, परंतु त्याच खंडात पुढे या न्यायाधीशांवरही फिर्याद करण्याची मुभा देतो. ही विसंगती सहज मिटणारी नाही. एखाद्या न्यायाधीशाने जाणूनबुजून अन्यायाचा निकाल दिला असे ज्याला वाटेल त्याने विधिरक्षकांकडे जावे; आरोप शाबीत झाल्यास त्या न्यायाधीशाने पीडिताच्या नुकसानीची निम्मी भरपाई स्वतःच्या पदरची द्यावी, आणि अपराध त्याहून भारी ठरल्यास अधिक शिक्षा काय ती त्याचा न्याय करणाऱ्यांनी सांगावी.