‘कोलाय गेल्सिन’: हात चालू असताना

इस्तंबूलमध्ये रस्ता खोदणाऱ्या मजुराजवळून जाताना अनोळखी माणूसही म्हणतो, ‘कोलाय गेल्सिन’. कोलाय म्हणजे सोपं, गेल्सिन म्हणजे येवो. जुनं रूप ‘कोलाय गेले’. तेही अजून कानावर येतं. आता आपण व्याकरण बघू. आपल्या ‘होवो’, ‘येवो’सारखं हे इच्छेचं रूप, आणि ते समोरच्याला उद्देशून नाही, कामाला उद्देशून आहे. म्हणून त्यात हुकूम नाही, सल्लाही नाही. इंग्रजीतलं ‘गुड लक’ निकालाकडे बघतं, ‘टेक इट ईझी’ हात आवरायला सांगतं. इथे काम चालूच राहणार आहे, फक्त ते जड जाऊ नये. ताट वाढून समोर आलं, की मग हे चालत नाही. तेव्हा आपण म्हणायचं ‘एलिनिझे साअलक’, तुमच्या हाताला आरोग्य लाभो.