गिरणीच्या फाटकावरची रांग किती लांब असते? रामटेक, नागपूर आणि मुंबईचा एक हिशेब (थ्रेड)

रामटेकपासून नागपूर सुमारे 50 किलोमीटर. एकीकडे धानाची शेती, विड्याच्या पानांचे मळे आणि मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी. दुसरीकडे 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल. खेड्यातला मजूर शहराकडे का जातो, याचे उत्तर सोपे वाटते: शहरात मजुरी जास्त. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. शहरात काम मिळत नाही हे दिसत असतानाही तो जातच का राहतो?

आधी एक विसंगती पाहू. सुरुवातीच्या काळात एम्प्रेस मिलच्या फाटकावर रांग नव्हती. अडचण नेमकी उलट होती. माणसे यायची आणि निघून जायची, कामगारांची गैरहजेरी ही व्यवस्थापनाची मोठी डोकेदुखी होती. नियमित हजेरीसाठी बक्षिसे दिली जात. 1886 साली निवृत्तिवेतनाची आणि 1895 साली अपघात-भरपाईची व्यवस्था झाली. याकडे केवळ मालकाचे औदार्य म्हणून पाहणे अपुरे आहे. रोवणी किंवा कापणीच्या दिवसांत गावातही हाताला काम असते. त्या मजुरीत आणि गिरणीच्या पगारात फार अंतर नसेल, तर बारा महिने यंत्राशी बांधून घेण्याचे कारण उरत नाही. गिरणीला ते अंतर निर्माण करावे लागले.

आणि अंतर निर्माण झाले की रांग येते. या रांगेची सर्वांत स्पष्ट नोंद मुंबईच्या कापडगिरण्यांत सापडते, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ. तिथे कायम कामगारांच्या जोडीला ‘बदली’ कामगार असत. पहाटे फाटकावर उभे राहायचे. आज कोणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर दिवसभर काम, नसेल तर परत. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी घेई. बदलीवाला गावाकडच्या मजुराला मूर्ख वाटण्याची शक्यता होती. पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

तो हिशेब सोयीच्या आकड्यांत मांडू. समजा, गावात महिन्याकाठी सरासरी 10 रुपये सुटतात आणि गिरणीत पूर्ण 26 दिवस भरले तर 25 रुपये. बदलीवाल्याला महिन्यात दहा-अकरा दिवस काम मिळाले, तरी त्याच्या हाती 10 रुपये पडतात, म्हणजे गावाइतकेच. अकरापेक्षा जास्त दिवस मिळत असतील तर गावातून आणखी माणसे येतील. कमी मिळत असतील तर काहीजण परततील. म्हणजे रांग अशा लांबीवर स्थिरावेल, जिथे काम मिळण्याची शक्यता 40 टक्के आहे. रोज 40 जागा रिकाम्या राहत असतील, तर फाटकावर 100 माणसे दिसतील. त्यांतली 60 रोज रिकाम्या हाताने परततील, आणि तरीही या व्यवस्थेत समतोल असेल. मजूर शहराच्या पगाराची नव्हे, पगार गुणिले शक्यता या गुणाकाराची तुलना गावाशी करत असतो.

आता खरी कसोटी. बेकारी पाहून कळवळलेल्या गिरणीने रोजच्या 10 जागा वाढवल्या. रांग 90 व्हायला हवी, असे सहज बुद्धीला वाटते. पण 40 टक्क्यांचा समतोल 50 जागांना लागू केला, तर रांग 125 वर जाते. रिकाम्या हाताने परतणारे 60 होते, ते 75 होतात. दहा नोकऱ्यांनी पंचवीस माणसे गावातून ओढून आणली.

हा कागदी खेळ नाही. 1964 साली केनियात सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. खासगी मालकांनी नोकऱ्या 10 टक्क्यांनी वाढवायच्या, सरकारनेही वाढवायच्या आणि संघटनांनी पगारवाढ मागायची नाही. नोकरीच्या आशेने शहरात नवे लोंढे आले आणि बेकारी हटली नाही. मायकेल टोडारो आणि जॉन हॅरिस या अर्थशास्त्रज्ञांनी केनियाच्याच अनुभवावरून 1970 साली वरचा हिशेब सिद्धान्त म्हणून मांडला. मुंबईच्या बदलीवाल्याला तो त्याआधीच कळलेला होता, फक्त त्याने तो छापला नाही.

सिद्धान्ताची एक अट मात्र महत्त्वाची आहे. रांग लांबत असताना शहराचा पगार खाली येता कामा नये. तो आला तर रांग आपोआप ओसरेल. मुंबईत 1947 साली औद्योगिक न्यायालयाने गिरणीतले किमान मूळ वेतन महिना 30 रुपये ठरवले, वर महागाई भत्ता वेगळा. फाटकावर कितीही माणसे उभी असली तरी त्याखाली जाता येत नव्हते. यात कामगारांचा दोष शोधणे गैर आहे. त्या पगारासाठी त्यांनी अनेक संप सोसले होते.

मालकांनी रांगेवर उपाय केला तो वेगळ्या टोकाने. 1935 साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कार्डांची योजना आणली. महिन्याच्या पहिल्या दिवशी ठरावीक लोकांनाच कार्ड मिळे, रोजच्या रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरल्या जात. कार्डवाल्याची शक्यता वाढली, बिनकार्डवाल्याची जवळजवळ शून्यावर आली. जॉबरची मक्तेदारी मोडणे हाही उद्देश होता, पण कार्ड कोणाला मिळावे यावरचा त्याचा प्रभाव एका फटक्यात संपणारा नव्हता. सिद्धान्त रांगेतल्या सर्वांची शक्यता समान धरतो. प्रत्यक्षात जॉबरच्या गावच्या माणसाची शक्यता नेहमीच जास्त.

मग रांग कमी करायची कशी? हिशेबात उत्तर आहेच: गावाकडचे 10 रुपये 15 करा. मग समतोल 60 टक्क्यांवर येतो आणि त्याच 40 जागांसाठी 100 ऐवजी 67 माणसे उभी राहतात. महाराष्ट्राने हे वेगळ्याच कारणासाठी करून पाहिले. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1972 च्या दुष्काळाने तिला बळ दिले. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे फाटकाच्या आत पोचलेल्यांनी, बाहेरची रांग आखूड करण्यासाठी पैसे भरले. त्या वेळी बोलले गेले ते भुकेबद्दल आणि हक्काबद्दल, रांगेबद्दल नव्हे.

धानाची कापणी आटोपल्यावर रामटेकच्या मजुराला गावात काम मिळाले, तर नागपूरच्या फाटकाचे आकर्षण तेवढे कमी होते, इतके खरे. पण फाटकाबाहेर उभा असलेला माणूस रिकामाच बसतो, हे गृहीतक नागपुरात कधी पूर्ण खरे नव्हते. तो सायकलरिक्षा ओढतो, हमाली करतो, बांधकामावर जातो. बेकारांच्या शिरगणतीत तो सापडत नाही. गिरणीच्या हजेरीपटावर महिन्यात त्याच्या नावापुढे किती दिवस भरले, हे पाहिले तरच रांग दिसते. 2002 साली एम्प्रेस मिल बंद झाली, तेव्हा हिशेबाप्रमाणे तिच्यापुढची रांग शून्य व्हायला हवी होती. ती झालीही. पण रिक्षा, हमाली आणि बांधकाम तसेच चालू राहिले, आणि तिथे कोणाचाही हजेरीपट नव्हता.