विकासकाच्या ईआरपीतील बुकिंग, हप्ते आणि ताबा

बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील सदनिकेची विक्री बुकिंगपासून ताब्यापर्यंत नोंदवणारा ईआरपी प्रणालीचा भाग. महाराष्ट्रात त्याचा सांगाडा २०१६च्या रेरा कायद्याने आणि राज्याच्या नमुना विक्रीकराराने ठरवून दिला आहे. करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. करारानंतर एकूण ३० टक्के, जोत्यापर्यंत ४५, सर्व स्लॅब होईपर्यंत ७० आणि ताब्याच्या वेळी १०० अशा या कमाल मर्यादा आहेत. मधले टप्पे भिंती, गिलावा, लिफ्ट इत्यादींचे.

टप्पा विंगचा असतो, हप्ता मात्र सदनिकेचा. प्रणालीची खरी परीक्षा इथेच होते. वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र जोडून विंगचा स्लॅब ‘पूर्ण’ केला की तिच्यातील सर्व ग्राहकांची मागणीपत्रे निघतात. पण त्यानंतर बुकिंग करणाऱ्याचे काय? समजा, दहा स्लॅबच्या विंगमध्ये चौथा स्लॅब झाल्यावर कोणी ८० लाखांची सदनिका घेतली. बुकिंगला ८ लाख. करार नोंदवल्यावर १६ लाख, झालेल्या जोत्याचे १२ लाख आणि चार स्लॅबचे, प्रत्येकी अडीच टक्क्यांनी, ८ लाख असे ३६ लाख एकदम देय होतात. प्रणाली फक्त नव्या घटनेवरच मागणी काढत असेल, तर जुने टप्पे कधीच मागितले जात नाहीत. विंगची पूर्तता ५५ टक्के आणि सदनिकेची मागणी ३० टक्के, असा फरक दाखवणारा अहवाल दरमहा पाहिला की ही चूक लगेच सापडते.

पाचव्या स्लॅबची मागणी २ लाख आणि ५ टक्के जीएसटीचे १० हजार. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्याने ग्राहक १ टक्का, म्हणजे २ हजार, टीडीएस कापून २ लाख ८ हजार भरतो. टीडीएसचे प्रमाणपत्र जमा म्हणून नोंदवण्याची सोय नसेल, तर ते २ हजार थकबाकी दिसतात आणि त्यावर व्याजही चढते. ग्राहकांच्या तक्रारींचे हे फार जुने आणि टाळता येण्यासारखे कारण आहे.

ताब्यासाठी एकच तारीख ठेवणे चुकीचे. करारातील वचनाची, भोगवटा प्रमाणपत्राची, ताबापत्र पाठवल्याची आणि किल्ली दिल्याची अशा चार तारखा वेगळ्या हव्यात. वचनाची तारीख चुकली आणि ग्राहक प्रकल्पात राहिला, तर विकासकाला व्याज द्यावे लागते. भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेण्याचे बंधन ग्राहकावर असते. भोगवटा प्रमाणपत्र नोंदवल्याशिवाय शेवटच्या ५ टक्क्यांची मागणी निघणारच नाही, अशी अट प्रणालीतच बसवावी. विक्री विभागाच्या विनंतीवरून ती उठवू नये. रचनेतील दोष ताब्यापासून ५ वर्षे विकासकाने विनामोबदला दुरुस्त करायचे असल्याने किल्ली दिल्यावरही सदनिकेचे खाते बंद करता येत नाही.