फारसी-अरबी शब्द, मराठीतील

मराठीने फारसीतून, किंवा अरबीतून फारसीच्या वाटेने, घेतलेले शब्द. जमीन, बाजार, जोर हे मूळचे फारसी. वकील, अर्ज, तारीख, किंमत हे मूळचे अरबी. संस्कृताशी नाते असलेले शब्द दोन प्रकारचे असतात. जवळजवळ मूळ रूपातच वापरले जाणारे ते तत्सम (भूमी, पत्र, शरीर) आणि प्राकृतातून बदलत आलेले ते तद्भव (भुई, पान, हात). व्यवहारात मराठी भाषा फारसी-अरबी शब्दांना तद्भवांच्या पंगतीला बसवते. वेगळे वागवते ते तत्समांना.

प्रवेश. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. त्याच्या आणि पुढे निजामशाही-आदिलशाहीच्या काळात दरबार, महसूल व न्याय यांतील फारसी शब्द गावोगाव पोचले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी केलेल्या राजव्यवहारकोशात अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. अष्टप्रधानांच्या पदांतही हा बदल दिसतो : मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. शेतसारा, कोर्टकचेरी आणि बाजारहाट यांतले शब्द मात्र लोकांच्या तोंडी इतके रुळले होते की ते टिकून राहिले.

लेखन. वकील आणि शरीर हे दोन्ही शब्द तीन अक्षरी असून दोन्हींत मधले अक्षर दीर्घ आहे. प्रत्यय लावताच फरक उघड होतो : वकील–वकिलाला, पण शरीर–शरीराला. प्रमाणलेखनाच्या नियमानुसार मराठी वळणाच्या शब्दातील शेवटून दुसरा दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. तत्सम शब्दाला यातून सूट आहे. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षरही दीर्घ असेल, तर मधल्या ई-ऊच्या जागी अ येतो. म्हणून लाकूड–लाकडाला तसे तारीख–तारखेला. लाकूड परके नाही आणि तारीख परकी आहे, पण व्याकरण दोघांना एकच नियम लावते. त्यामुळे या कसोटीवर शब्द तत्सम नाही एवढेच ठरते. तो फारसी की तद्भव, हे ठरत नाही.

उच्चार. तत्सम शब्दातील ‘ज’ तालव्य असतो (जय, भोजन). जोर आणि बाजार यांतला ‘ज’ मात्र ‘जाड’ या शब्दातल्यासारखा दंततालव्य आहे; त्यामागे फारसीतला घर्षक ध्वनी आहे. जोडाक्षरांबाबतही कल वेगळा दिसतो. धर्म आणि पत्र जोडाक्षर राखतात, तर फारसी ‘गर्म’, ‘नर्म’, ‘शह्र’ मराठीत सुटे होऊन गरम, नरम, शहर झाले. अर्ज आणि खर्च यांसारख्या शब्दांत जोडाक्षर टिकल्यामुळे ही खूण हमखास चालत नाही.

अर्थ. एकाच वस्तूचे तीन शब्द असले की मराठी त्यांच्यात कामे वाटून देते. सातबाऱ्यावर जमीन असते, पूजन भूमीचे होते, आणि इमारत कोसळली की भुईसपाट होते. तारीख आणि तिथी यांतही असाच भेद आहे. शिवजयंती तारखेप्रमाणे १९ फेब्रुवारीला आणि तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीयेला साजरी होते. येथे एका शब्दाच्या जागी दुसरा चालणार नाही. काही शब्दांनी मूळ अर्थच बदलला. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे पराकाष्ठा. अरबी ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम कुस्तीची किंवा नाटकाची.

घडण. फारसी-अरबी उपसर्ग व प्रत्यय देशी शब्दांनाही सहज जोडले जातात : बेचव, गैरसमज, दरवर्षी, धारदार, समजूतदार. तत्सम उपसर्ग बहुधा तत्समांशीच जुळतात. ‘दुर्वर्तन’ रूढ आहे, ‘दुर्वागणूक’ नाही.

उदाहरण. ‘वकिलाने अर्ज सादर केला’ हे बोलीतले वाक्य तत्सम शब्दांत आणले तर ‘विधिज्ञाने आवेदनपत्र प्रस्तुत केले’ असे होईल. अर्थ साधारण तोच राहिला, पण भाषा बोलीतून औपचारिक लेखनात गेली. पहिल्या वाक्यातील ‘सादर’ हा शब्द फसवा आहे. ‘सादर प्रणाम’ यातील सादर संस्कृत आहे : स + आदर, म्हणजे आदरपूर्वक. ‘सादर करणे’ यातील सादर अरबी ‘सादिर’वरून आला, त्याचा मूळ अर्थ निघालेला, जारी झालेला. आज दोन्हींचे लेखन व उच्चार सारखेच आहेत. अशा ठिकाणी वाक्यातील उपयोग आणि कोशातील व्युत्पत्ती पाहूनच निर्णय करावा लागतो. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१) शब्दापुढे मूळ भाषेची खूण दिलेली असते; माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) खास याच शब्दांसाठी आहे.