पत्रावर आडवं-उभं दुहेरी लिखाण. आधी शिरोरेषा बघा, मग वाचा

देगलूर : जुन्या ट्रंकेत सापडणाऱ्या काही पोस्टकार्डांवर नि अंतर्देशीय पत्रांवर दुहेरी लिखाण असतं. कार्डाची जागा संपली, अंतर्देशीय पत्रात वेगळा कागद घालता येत नाही, मग लिहिणारा पत्र पाव फेरा फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचा. इंग्लंडात १८४० च्या आधी कागदांच्या संख्येवर टपालखर्च लागायचा, तिथंही लोक हेच करत.

मराठीत अडचण वेगळीच. फिरवून लिहिलेल्या थराची शिरोरेषा पहिल्या थरात उभी दिसते आणि आपण ती काना समजून वाचतो. उदाहरणादाखल, पहिल्या थरात 'बांधावर चर काढला' असं आहे. वरच्या थराच्या दोन शिरोरेषा नेमक्या 'च' आणि 'र' च्या बाजूने गेल्या, की तेच 'चारा काढला' दिसतं. बांधाचा वाद असेल तर चर खणणं कुठं आणि चारा कापणं कुठं!

खरा काना ओळखायचा कसा? तो आपल्याच ओळीच्या शिरोरेषेला लटकतो आणि अक्षराच्या उंचीतच संपतो. घुसलेली रेघ बहुधा शिरोरेषेच्या वर निघते, नाही तर खाली पुढच्या ओळीत उतरते. पत्र पाव फेरा फिरवा. त्या रेघेला खाली अक्षरं लटकलेली दिसली, तर ती दुसऱ्या थराची. वरच्या उदाहरणात दोन्ही रेघा अशा निघाल्या, म्हणजे शब्द 'चर'च.

वाचण्याआधी पत्र सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फ्लॅश न लावता वरून सरळ फोटो घ्या. त्याची एक प्रत फिरवून ठेवा, म्हणजे दोन्ही थर आपापल्या दिशेनं वाचता येतात. जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी लांबट फट कापून ती ओळीवर सरकवत न्या. बाकीचा गोंधळ झाकला जातो. एक थर लाल शाईचा असेल तर लाल जिलेटीन कागदातून बघा, लाल अक्षरं फिकी पडून निळी-काळी उठून दिसतात. बॉलपेनचं लिखाण पुसट असेल तर टॉर्च बाजूनं धरा, दाबाचे चर सावलीत दिसतात.

आपल्या भागात एखाद्या पत्रावर मराठीवर तेलुगू लिहिलेलं असलं तर काम सोपं, कारण तेलुगूला अशी सलग शिरोरेषा नसते.

पत्राला पाणी किंवा तेल लावू नका. जांभळी कॉपिंग पेन्सिल तर ओली झाली की पसरते आणि दोन्ही थर जातात. एकाच शाईच्या रेघा जिथं गाठीसारख्या एकमेकींत मिसळल्यात, तिथं अंदाजानं शब्द भरू नका. नकल करताना तेवढी जागा कोरी सोडा, खास करून ती रक्कम, गट नंबर किंवा तारीख असेल तर.